ब्लाउजच्या मापांचे कार्ड: दुसऱ्या वेळचा ब्लाउज पहिल्या घालण्यातच बसावा म्हणून

घरी किंवा लहानशा दुकानात ब्लाउज शिवायला सुरुवात केलेल्या बहुतेक जणी मापे एखाद्या वहीत लिहून ठेवतात. एका ओळीत नाव, पुढे आठ-दहा आकडे आणि शेवटी देण्याची तारीख. पहिल्या वेळी या नोंदीवर काम भागते, कारण गिऱ्हाईक समोर असते, ब्लाउज घालून बघते आणि जिथे कमी-जास्त वाटेल तिथे आपण उसवून दुरुस्त करतो. अडचण येते ती सहा-आठ महिन्यांनी, जेव्हा तीच बाई साडीतला पीस पाठवून फोनवर सांगते, "मागच्यासारखाच शिवा." वहीत असते ते पहिल्या दिवशीचे अंगाचे माप. जो ब्लाउज तिला शेवटी बसला तो त्या मापाचा नव्हता, दुरुस्तीनंतरच्या मापाचा होता, आणि ती दुरुस्ती कुठेच लिहिलेली नसते. म्हणून नवा ब्लाउज जुन्याच चुकीसह तयार होतो.

हे टाळायचे असेल तर प्रत्येक गिऱ्हाइकाचे वेगळे कार्ड करावे, आणि ते माप घेतल्यावर नव्हे तर ब्लाउज हातात दिल्यावर पूर्ण झाले असे धरावे.

कार्ड कसे आखावे

पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा, साधारण पाच बाय आठ इंचांचा जाड कागद पुरेसा होतो. पातळ कागद खडूच्या भुकटीने आणि सततच्या हाताळणीने महिनाभरात चुरगळतो. वर उजव्या कोपऱ्यात कार्डाचा क्रमांक लिहावा आणि सगळे व्यवहार त्या क्रमांकाने करावेत: बिलबुकात तोच क्रमांक, कापडाच्या पिशवीला टाचलेल्या चिठ्ठीवर तोच क्रमांक, खाकी कागदावर कापून ठेवलेला नमुना असेल तर त्यावरही तोच. एकाच सोसायटीत चार कुलकर्णी आणि तीन पाटील सहज निघतात, तेव्हा नावावर विसंबलेली नोंद कधीतरी दगा देतेच. कार्डे क्रमांकाने लावावीत आणि नावावरून क्रमांक सापडावा म्हणून एक छोटी अक्षरवार वही ठेवावी.

कार्डाच्या पुढच्या बाजूला मापांचा तक्ता असावा. डावीकडे जागेचे नाव (उंची, शोल्डर, छाती, कंबर, मुंढा, टक्सची उंची, दोन टक्समधले अंतर, पुढचा गळा, मागचा गळा, बाहीची उंची, दंडघेर) आणि त्यापुढे तीन रकाने. पहिल्या रकान्यात अंगाचे माप, दुसऱ्यात तयार ब्लाउजचे माप आणि तिसऱ्यात या दोहोंतला फरक. अनेकजणी पहिल्या दोन रकान्यांची सरमिसळ करतात. छातीपुढे नुसते '३६' लिहिलेले असेल तर ते अंगाचे की शिवलेल्या ब्लाउजचे, हे सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि या दोन आकड्यांत सहज दीड ते दोन इंचांचे अंतर असते.

तिसरा रकाना नवशिक्यांना जादा वाटतो, पण माझ्या मते कार्डाची खरी किंमत त्यातच आहे. अंग बदलत राहते. बाळंतपणानंतर, आजारपणानंतर किंवा नुसते वर्ष सरले तरी बदलते. मात्र एखाद्या बाईला अंगापेक्षा किती सैल ब्लाउज आवडतो, हे सहसा वर्षानुवर्षे तेच राहते. कोणाला छातीला एक इंचाची सैलाई पुरते, कोणाला दोन इंचांखाली घुसमटल्यासारखे होते. हा फरक एकदा नेमका कळला की पुढच्या वेळी अंगाचे ताजे माप घेऊन त्यात तो मिळवला की झाले.

माप घेताना

आधी टेप तपासावी. कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते आणि पत्र्याच्या टोकाशी झिजते. दर दोन-तीन महिन्यांनी ती स्टीलच्या पट्टीवर ठेवून पाहावी आणि पाव इंचाचाही फरक दिसला तर टाकून द्यावी. दुकानात दोन टेपा असतील तर दोन्ही जुळतात याची खात्री करावी, नाहीतर मापे एका टेपेने आणि बेतणी दुसऱ्या टेपेने होते आणि चूक कुठून आली ते शोधूनही सापडत नाही.

माप घेणारी एक आणि लिहिणारी दुसरी असेल, तर लिहिणारीने प्रत्येक आकडा परत उच्चारावा. 'साडेनऊ' आणि 'पावणेदहा' हे शिलाई मशीनच्या आवाजात सहज एकमेकांच्या जागी ऐकू येतात. लिहिताना ९½ आणि ९¾ असे अपूर्णांकातच लिहावे; ९.५ मधला ठिपका पुसट झाला की ९५ किंवा नुसता ९ उरतो. मात्र माप मोठ्याने उच्चारायचे तर आसपास दुसरे गिऱ्हाईक नसावे. आपल्या अंगाचे आकडे शेजारणीच्या कानावर जाणे कोणालाच आवडत नाही.

आकड्यासोबत तो कसा घेतला हेही लिहावे लागते, विशेषतः दोन ठिकाणी. एक म्हणजे आतला कपडा. टक्सची उंची ही आत घातलेल्या ब्रावर अवलंबून असते. ब्रा सैल झालेली असेल तर हे माप अर्धा इंच खाली येते, आणि नवी घालून ब्लाउज घातल्यावर टक्सचे टोक चुकीच्या जागी बसते. म्हणून ज्या ब्रावर ब्लाउज घालायचा तीच घालून माप द्यावे असे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे, आणि 'रोजची', 'पॅडची' अशी नोंद करावी. दुसरे ठिकाण म्हणजे दंडघेर. पाच इंचांच्या बाहीचा घेर दंडाच्या जाड भागावर येतो, तर दहा इंचांच्या बाहीचा कोपराजवळ. कार्डावर नुसते 'दंडघेर ११½' असेल आणि पुढच्या वेळी बाईला कोपरापर्यंत बाही हवी असेल, तर तो आकडा बाहीच्या टोकाला लावून चालत नाही. त्यामुळे 'दंडघेर ११½, खांद्यापासून ५ इंचांवर' असे लिहावे. कोपराजवळचे माप हात वाकवून घ्यावे, नाहीतर बाही सरळ हाताला छान दिसते आणि भाकरी थापताना आवळते.

शरीराची ठेवणही आकड्यांत उतरत नाही. डावा किंवा उजवा खांदा उतरता आहे का, पाठीला बाक आहे का, मान पुढे येते का, हे मागून आणि बाजूने उभे राहून पाहावे आणि दोन-तीन शब्दांत टिपावे. पाठीला बाक असेल तर मागचा भाग उंचीला कमी पडतो आणि ब्लाउज मागून वर चढतो. खांदा उतरता असेल तर त्या बाजूला गळ्याजवळ किंवा मुंढ्याजवळ तिरक्या चुण्या पडतात.

गिऱ्हाइकाने मापाचा ब्लाउज आणला असेल तर

महाराष्ट्रात बहुतेक जणी अंगाचे माप देण्याऐवजी बसणारा जुना ब्लाउज देतात. तो घ्यावा, पण त्याची मापे दुसऱ्या रकान्यात, म्हणजे तयार ब्लाउजच्या रकान्यात जातील याची काळजी घ्यावी. कटोरी ब्लाउज सपाट पसरत नाही, त्यामुळे नुसता आडवा पसरून दुप्पट केलेले छातीचे माप कमी येते. पाठीचा भाग बाजूच्या शिवणीपासून शिवणीपर्यंत वेगळा मोजावा, पुढचे दोन्ही भाग शिवणीपासून हुकांच्या रेषेपर्यंत कटोरीच्या फुगवट्यावरून टेप नेऊन मोजावेत आणि सगळ्यांची बेरीज करावी. पट्टीची बाहेरची कड धरली तर हुक लावल्यावर एकावर एक येणारा भाग दोनदा मोजला जातो.

त्यानंतर त्या ब्लाउजबद्दल एक प्रश्न जरूर विचारावा: "यात काय बदलायला हवे?" बहुतेक वेळा 'काही नाही' असे उत्तर येते. मग ब्लाउज घालून दोन्ही हात वर करायला सांगावे. ब्लाउज वर चढतो, बगलेत रुततो किंवा हुकांमध्ये फट पडते, ते तेव्हा दिसते. ब्लाउज किती जुना आहे, सुती आहे की रेशमी, धुवून आटला आहे का, हेही लिहावे. आटलेल्या सुती ब्लाउजच्या मापाने शिवलेला नवा सुती ब्लाउज पहिल्या धुण्यानंतर आणखी आखडेल. अस्तराचे कापड आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच बेतले असेल तर 'अस्तर भिजवलेले' अशी खूण करावी, म्हणजे पुढे आटल्याची तक्रार आली तर कारण अस्तरात शोधायचे की वरच्या कापडात, हे कळते.

आवडीनिवडी कोणत्या शब्दांत लिहाव्यात

कार्डाची मागची बाजू आवडीनिवडींसाठी ठेवावी. गळ्याचा आकार, हुक पुढे की मागे, अस्तर, पायपिंग, डोरी, पॅड आणि आत किती माया ठेवायची या गोष्टी ठरलेल्या जागी लिहाव्यात. पण सगळ्यात उपयोगी नोंद ही गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या शब्दांतली असते. 'सैल हवा' असे आपल्या भाषेत लिहून ठेवले तर कुठे सैल हवा हे हरवते. तीच बाई जर म्हणाली असेल, "लोकलमध्ये वरची कडी धरली की ब्लाउज वर सरकतो," तर हे वाक्य जसेच्या तसे लिहावे, कारण त्यात दुरुस्तीचा रस्ता दडलेला आहे. हात वर केल्यावर ब्लाउज वर चढण्याचे नेहमीचे कारण छाती घट्ट असणे हे नसून मुंढा गरजेपेक्षा खोल असणे हे असते. मुंढा खोल असला की बाही बगलेपासून दूर जोडली जाते आणि हाताबरोबर अख्खा ब्लाउज उचलला जातो. नुसते 'सैल हवा' वाचून शिवणारी छाती वाढवेल आणि मुंढा आणखी खोल करेल, म्हणजे तक्रार वाढवूनच ठेवेल. खरा उपाय मुंढा वर घेण्याचा असतो.

'हे नको' असलेल्या गोष्टींना लाल शाईने लिहावे. मागे हुक नको, नायलॉनची लेस नको कारण ती टोचते, टेरिकॉटचे अस्तर नको कारण घामोळे येते, अशा नोंदी विसरल्या गेल्या तर माप अचूक असूनही ब्लाउज परत येतो.

कच्ची फेरी आणि कार्ड बंद करणे

पहिला ब्लाउज बाजूच्या शिवणी कच्च्या टाक्यांवर ठेवून घालून पाहावा. जिथे कमी-जास्त केले तिथे कार्डावरच्या तयार मापावर एक बारीक आडवी रेघ मारावी आणि शेजारी नवा आकडा, तारीख आणि दोन शब्दांत कारण लिहावे. जुना आकडा खोडून किंवा रबराने पुसून टाकू नये. आधी किती होते आणि का बदलले, हे पुढे फार उपयोगी पडते. खाकी कागदाचा नमुना ठेवलेला असेल तर तोही त्याच दिवशी सुधारावा. कार्ड सुधारले आणि नमुना तसाच राहिला, की पुढच्या वेळी घाईत नमुन्यावरून बेतले जाते आणि कार्ड डब्यातच राहते.

ब्लाउज हातात देण्याआधी तयार ब्लाउजची शेवटची मापे टेप लावून पुन्हा घ्यावीत. बेतताना ठरवलेला आकडा आणि शिवून आलेला आकडा यांत शिलाईच्या जाडीमुळे, अस्तरामुळे किंवा हाताच्या सवयीमुळे पाव-अर्धा इंच फरक पडतोच. गिऱ्हाइकाने पसंत केलेले असते ते शिवून आलेले माप. कापडाचा बोटभर तुकडा मागच्या बाजूला स्टेपल करून ठेवला, तर "त्या मोरपंखी ब्लाउजसारखा" असे कोणी म्हटल्यावर कार्ड शोधणे सोपे होते.

एक कार्ड, दोन ब्लाउज

क्रमांक ४७ हे कार्ड उदाहरणासाठी घेऊ. पहिला ब्लाउज सुती, कटोरीचा, पाच इंचांच्या बाहीचा. अंगाची छाती ३६, तयार ३७½, फरक दीड इंच. कंबर ३१, तयार ३२. दंडघेर ११½, तयार १२. मागचा गळा ८. कच्च्या फेरीत दोन गोष्टी निघाल्या. डाव्या खांद्याजवळ तिरकी चुणी पडत होती, म्हणून डावा शोल्डर पाव इंच उचलला आणि पुढे लिहिले, 'डावा खांदा उतरता'. बाही दंडावर रुतत होती, म्हणून तयार दंडघेर १२ वर रेघ मारून १२½ केला. म्हणजे दंडाचा फरक अर्ध्याऐवजी एक इंच झाला.

आठ महिन्यांनी त्याच बाईंनी पैठणीचा पीस दिला. या वेळी बाही दहा इंचांची, काठ बाहीला, मागचा गळा साडेदहा इंच खोल आणि डोरी. कार्ड काढून त्यांची फक्त तीन पडताळणीची मापे घेतली: छाती ३६½, कंबर ३१½, दंड पूर्वीइतकाच. पडताळणीत अर्ध्या इंचापर्यंत फरक असेल तर जुने कार्ड चालवता येते, कारण अर्धा इंच चार भागांत वाटला की प्रत्येक शिवणीपाशी जेमतेम सूतभर येतो. त्याहून जास्त फरक निघाला तर सगळी मापे नव्याने घ्यावीत. कोपराजवळचा घेर कार्डावर नव्हताच, तो हात वाकवून नवा घेतला: १०½, तयार ११. दंडाजवळ मात्र १२½ कायम ठेवला.

छातीचा आकडा ठरवताना थोडा विचार करावा लागला. कार्डावरचा दीड इंच फरक धरला तर तयार माप ३८ येते. पण रेशमी कापड उसवले की सुईची भोके दिसतात, त्यामुळे शिवण सोडून ब्लाउज वाढवला तर जुन्या शिवणीची रेघ बाहेर येते. आत घेताना ती मायेत दडून जाते. म्हणून पैठणीला आधी थोडे सैल ठेवणे शहाणपणाचे. ३८½ धरून बेतले, म्हणजे जुन्या नमुन्याच्या ३७½ पेक्षा एक इंच जास्त; तो पुढच्या-मागच्या चार कडांना पाव-पाव इंच वाटला. मागचा गळा खोल आणि रुंद झाल्यामुळे शोल्डर घसरू नये म्हणून दोन्ही बाजूंनी पाव इंच आत घेतला, आणि डाव्या खांद्याची पाव इंचाची दुरुस्ती न विचारता कायम ठेवली.

फेरीत गळा आणि बाही जागच्या जागी बसली. बाईंनी एवढेच सांगितले की बगलेत जरा मोकळे वाटते. दोन्ही बाजूंनी पाव इंच आत घेतला आणि तयार छाती ३८ झाली. म्हणजे कापड सुती असो वा रेशमी, या बाईंना दीड इंचाचीच सैलाई हवी आहे. तिसऱ्या रकान्यात छातीपुढच्या 'दीड इंच' या नोंदीला गोल केला आणि शेजारी 'दोनदा पडताळले' असे लिहिले. आता तिसऱ्या ब्लाउजला छातीचे ताजे माप मिळाले की तयार माप थेट ठरवता येईल.

कार्ड कधी मानू नये

काही वेळा जुन्या कार्डाकडे पाहूच नये. बाळंतपणानंतर, मोठे वजन उतरल्यावर किंवा वाढल्यावर, शस्त्रक्रियेनंतर आणि वाढीच्या वयातल्या मुलींच्या बाबतीत नवे कार्ड करावे, जुन्यावर 'बंद' लिहून तारीख टाकावी आणि नव्याच्या मागे टाचून ठेवावे, कारण आवडीनिवडींची बाजू अजून उपयोगाची असते. लग्नाचे ब्लाउज महिना-दोन महिने आधी मापाला येतात आणि त्या काळात नवरीचे वजन बरेचदा उतरते. अशा कार्डावर लग्नाआधीच्या आठवड्यात पुन्हा पडताळणीची तारीख आधीच टाकून ठेवावी आणि बाजूला इंचभर माया राखावी. ताणल्या जाणाऱ्या लायक्राच्या कापडासाठी सुती ब्लाउजचा फरक मुळीच लावू नये. ते कापड अंगाबरोबर ताणले जाते, त्यामुळे तिथे फरक शून्य किंवा अंगापेक्षा कमीही असू शकतो. त्यासाठी कार्डावर वेगळी ओळ करावी.

परगावी किंवा परदेशी असलेल्या गिऱ्हाइकांकडून पीस आला आणि पडताळणीची मापे त्यांनीच घरी घेऊन कळवली, तर त्या आकड्यांपुढे 'स्वतः घेतलेले' असे लिहावे. स्वतःची छाती स्वतः मोजताना टेप पाठीमागे खाली घसरते आणि माप कमी येते. त्यांना टेपेऐवजी आपण शिवलेला शेवटचा ब्लाउज घालून पाहायला सांगावे आणि कुठे घट्ट होतो एवढेच विचारावे. उत्तर 'कुठेच नाही' असेल तर कार्डावरची तयार मापे धरून बेतावे आणि बाजूला नेहमीपेक्षा अर्धा इंच जास्त माया ठेवावी.

कार्डांचा डबा ओल नसलेल्या जागी, कुलूप लागणाऱ्या कप्प्यात असावा. महिन्यातून एकदा नव्या आणि सुधारलेल्या कार्डांचे दोन्ही बाजूंचे फोटो फोनमध्ये काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावेत, म्हणजे डबा भिजला किंवा हरवला तरी मापे राहतात. फोटो कोणालाही पाठवू नयेत. दोन वर्षे न आलेल्या गिऱ्हाइकाची कार्डे वेगळ्या गठ्ठ्यात काढावीत आणि ती बाई परत आली तर सगळी मापे नव्याने घेऊन फक्त फरकाचा रकाना आणि लाल शाईच्या नोंदी जुन्या कार्डावरून उतरवून घ्याव्यात.